फोटोत सूर्यकिरण टाकताय? आधी सावल्या बघा, मग ब्लर मारा

प्रीवेडिंगचे फोटो बघितलेत का हल्ली? ढगाळ दुपार, कुठे सावलीचा पत्ता नाही, आणि नवरीच्या डोक्यामागून भगव्या किरणांचा झोत निघालाय, वर चार रंगीत गोळे तरंगतायत. किरण टाकणं चूक नाहीये हो, मीसुद्धा टाकतो, पण त्या फोटोत ते असूच शकत नव्हते हा खरा प्रॉब्लेम आहे. सॉफ्टवेअरमधले स्लायडर दहा मिनिटांत कळतात. किरण कुठून येणार, कशावर दिसणार आणि कुठे विरणार हे ठरवायला डोकं लागतं, म्हणून या लेखात जास्त वेळ त्यावरच घालवणार आहे.

उदाहरणाला एकच फोटो घेऊ. डिसेंबरमधली सकाळ, पावणेआठची वेळ, साताऱ्याकडचा वडाच्या झाडांचा जुना रस्ता. समोरून एक काका सायकलवर येतायत, मागे कॅरिअरला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. सूर्य उजवीकडे वर, पानांच्या मागे. डाव्या कडेला कॅमेऱ्याच्या अगदी जवळ एका वडाचा बुंधा अर्धा फ्रेममध्ये आलाय, आणि रस्त्याकडेच्या सगळ्या बुंध्यांना असतात तसे गेरूचे आणि चुन्याचे पट्टे मारलेत. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, काम फोटोशॉपमध्ये. त्या सकाळी हलकं धुकं होतं पण फोटोत किरण जेमतेम जाणवतायत, ते थोडे उठवायचेत.

पहिलं काम: या फोटोत किरण शोभतील का ते ठरवा

किरण म्हणजे हवेत तरंगणाऱ्या धूळ, धूर, धुक्याच्या कणांवर पडलेला उजेड. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असेल तर ऊन जमिनीवर पडेल पण वाटेत दिसणार नाही. हे फोटोवरून ओळखायचं कसं, तर लांबची झाडं बघा. ती जवळच्या झाडांपेक्षा फिकी, राखाडी झालेली असतील तर हवेत काहीतरी आहे आणि किरण चालतील, आणि लांबची झाडंही जवळच्याइतकीच काळीभोर आणि कडक दिसत असतील (पावसाने उघडीप दिल्यावरचे फोटो असे असतात) तर किरण टाकले की ते काचेवर चिकटवल्यासारखे दिसणार, कितीही ओपॅसिटी कमी करा. आपल्या फोटोत रस्त्याच्या टोकाची झाडं फिकी आहेत, म्हणजे चालेल.

दुसरं म्हणजे किरणांना मागे अंधार लागतो. उजळ आकाशावर किरण दिसत नाहीत, सावलीतल्या झाडीवर दिसतात. त्यामुळे किरण उठत नाहीयेत असं वाटलं की बहुतेक लोक किरण वाढवत बसतात, त्यापेक्षा मागची झाडी Curves ने थोडी खाली घ्या, आहेत तेच किरण उठून येतील. माझ्या मते ओव्हर झालेल्या फोटोंपैकी निम्मे तरी याच एका गोष्टीने बिघडलेले असतात.

आणि तिसरं, ऊन समोरून किंवा तिरकं समोरून यायला हवं. सूर्य फोटोग्राफरच्या पाठीमागे असताना धुक्याचे कण कॅमेऱ्याकडे फार कमी उजेड फेकतात, समोर सूर्य असला की भरपूर. सावल्या कॅमेऱ्यापासून लांब पळत असतील तर सूर्य तुमच्या पाठीशी आहे, तिथे किरणही नको आणि फ्लेअरही नको.

सूर्य नेमका कुठे आहे ते रेघ मारून काढा

ही पायरी कोणी करत नाही आणि सगळा खेळ इथेच आहे. ‘साधारण उजवीकडे वर’ हे पुरत नाही. फोटोत एखादी वस्तू आणि तिची सावली दोन्ही दिसत असतील तर सावलीच्या टोकापासून त्या वस्तूच्या टोकापर्यंत रेघ मारायची आणि ती तशीच पुढे वर वाढवायची, ती सूर्यातून जाते. आपल्या फोटोत काकांच्या टोपीची सावली रस्त्यावर डावीकडे खाली पडलीय, तिथून टोपीपर्यंत एक रेघ. मग एका मैलाच्या दगडाची सावली, तिच्या टोकापासून दगडाच्या माथ्यापर्यंत दुसरी रेघ. दोन्ही जिथे एकमेकींना कापतात तिथे सूर्य. वेगळ्या लेयरवर लाल ब्रशने एका टोकाला क्लिक करा आणि दुसऱ्या टोकाला शिफ्ट दाबून क्लिक करा म्हणजे सरळ रेघ येते, काम झालं की लेयर बंद.

रेघा फ्रेमच्या बाहेर जाऊन मिळत असतील तर सूर्य फ्रेमच्या बाहेर आहे, आणि किरणांचा मध्य पण तिथेच पाहिजे, उगाच आत ओढून आणायचा नाही. अशा वेळी Image > Canvas Size ने त्या बाजूला कॅनव्हास वाढवून घ्या, काम झाल्यावर परत क्रॉप करा, कारण पुढे जो ब्लर वापरणार आहोत त्याचा मध्य चित्राच्या बाहेर नेता येत नाही.

सूर्याचे किरण खरंतर एकमेकांना समांतरच असतात, पण रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे दिसतात ना, तसे ते सूर्यापाशी एकवटलेले दिसतात. म्हणून फोटोतला प्रत्येक किरण मागे वाढवला तर त्याच एका बिंदूत जायला हवा. ब्रशने हाताने काढलेले किरण इथेच पकडले जातात, दोन इकडे दोन तिकडे.

किरण फोटोतल्याच उजेडातून काढा

नेटवर किरणांचे तयार पीएनजी मिळतात, ते मी वापरत नाही. त्यातल्या फटी तुमच्या झाडाच्या फटींशी जुळत नाहीत, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खटकतंच. त्यापेक्षा फोटोतल्या पानांमधल्या उजळ फटीच घ्यायच्या आणि सूर्यापासून बाहेर ताणायच्या.

सुरुवातीलाच Image > Mode > 16 Bits/Channel करून घ्या, कारण पुढे कळेल. मग मूळ लेयरची Ctrl+J ने कॉपी करा, तिला ‘किरण’ नाव द्या. Ctrl+L ने Levels उघडा आणि डावीकडचा काळा स्लायडर उजवीकडे ओढत न्या, साधारण १९० ते २०० पर्यंत, म्हणजे सगळा फोटो काळा पडेल आणि फक्त उजळ फटी उरतील. नेमका आकडा फोटोवर अवलंबून आहे, फटी उरल्या आणि पानं गेली की थांबायचं.

आता जे उरलंय ते नीट झूम करून बघा, कारण नुसत्या फटी कधीच उरत नाहीत. आपल्या फोटोत काय काय उरलं सांगतो: बुंध्यांवरचे चुन्याचे पांढरे पट्टे, दुधाच्या किटल्यांवरची चमक, काकांची टोपी, रस्त्यावरचे उन्हाचे कवडसे, आणि डावीकडे झाडं संपतात तिथला उघड्या आकाशाचा मोठा तुकडा. हे तसंच ठेवून पुढे गेलात तर किटल्यांमधून किरण निघतील, चुन्याच्या पट्ट्यांना शेपट्या फुटतील आणि आकाशाच्या तुकड्यातून एक जाडजूड पांढरा फराटा येईल. सगळ्यावर काळ्या ब्रशने रंगवून टाका, फक्त सूर्याभोवतीच्या पानांमधल्या फटी ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे पण टाळू नका.

मग या लेयरवर राइट क्लिक करून Convert to Smart Object करा म्हणजे ब्लर नंतर बदलता येईल, आणि लेयरचा मोड Screen करा. Screen मध्ये काळा भाग गायब होतो, उजेड तेवढा वर चढतो.

आता Filter > Blur > Radial Blur. Method मध्ये Zoom, Amount १००, Quality आधी Draft. छोट्या चौकटीत Blur Center असतो तो ओढून मघाशी काढलेल्या सूर्याच्या जागी न्यायचा. याला प्रिव्ह्यू नाही, त्यामुळे अंदाजाने ठेवा, ओके करा, बघा, चुकलं तर लेयर पॅनेलमध्ये फिल्टरच्या नावावर डबल क्लिक करून परत हलवा. लाल रेघांचा लेयर चालू ठेवलात तर मध्य बरोबर बसलाय का हे लगेच कळतं. जागा पक्की झाली की Quality Best करा, मोठ्या फोटोला वेळ लागतो. एकदा ब्लर मारून किरण तुटक तुटक, ठिपक्यांच्या रांगेसारखे दिसत असतील तर तोच फिल्टर त्याच मध्याने परत एकदा लावा.

दोनदा ताणल्यावर उजेड पसरून पातळ होतो, जवळजवळ दिसेनासा होतो. घाबरू नका, त्याच लेयरवर Image > Adjustments > Levels लावून पांढरा स्लायडर २५५ वरून खाली आणा, १०० च्या आसपास. आत्ता थोडे जास्तच उठू द्या, पुढे कमी करणारच आहोत.

कडा मऊ करा, लांब जाताना विरू द्या

सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे फटीतून निघालेल्या किरणाची कड लांब जाईल तशी पसरट होत जाते, दहा मीटरवर ही धूसर पट्टी साधारण ९ सेंटीमीटरची होते. म्हणजे हाताच्या बोटाएवढ्या फटीतून आलेला किरण दहा मीटर खाली जमिनीजवळ सुरीसारखा धारदार असूच शकत नाही, तो बाजूच्या किरणांत मिसळून गेलेला असतो. फोटोत वरपासून खालपर्यंत एकाच धारेचे किरण दिसले की ते खोटे वाटतात याचं कारण हेच.

म्हणून किरण लेयरवर Filter > Blur > Gaussian Blur थोडा लावा, ६००० पिक्सेलच्या फोटोला ८ ते १५ पिक्सेल पुरे. आणि लेयरला मास्क देऊन त्यात सूर्यापासून खाली डावीकडे पांढऱ्याकडून काळ्याकडे ग्रेडियंट ओढा, म्हणजे रस्त्यापर्यंत पोचेस्तोवर किरण विरतील.

पुढे काय, मागे काय

बहुतेक ट्युटोरियल्स इथे थांबतात आणि म्हणूनच त्यांचे किरण फोटोवर पसरलेल्या पडद्यासारखे दिसतात. धुकं कॅमेऱ्यापासून रस्त्याच्या टोकापर्यंत सगळीकडे आहे, पण एखाद्या वस्तूच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये जेवढं धुकं तेवढेच किरण त्या वस्तूवर चढलेले दिसणार. डाव्या कडेचा बुंधा कॅमेऱ्याच्या हाताच्या अंतरावर आहे, मध्ये धुकं नाहीच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे त्याच्यावरून किरण जवळजवळ पूर्ण पुसायचे. मास्कवर काळा ब्रश, Opacity ९० टक्के, बुंध्याच्या कडेने नीट फिरवा. काका मध्यावर आहेत, त्यांच्यावर अर्धे ठेवा. रस्त्याच्या टोकाच्या झाडांवर पूर्ण राहू द्या.

हे केल्या केल्या फोटोत खोली येते, काळाकुट्ट बुंधा पुढे येतो आणि किरण मागे सरकतात. एवढी एकच पायरी नीट केलीत आणि बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं.

रंग आणि जोर

पावणेआठचं ऊन कोवळं असतं, थोडं पिवळसर, पण भगवं नाही. रंग स्वतःच्या मनाने निवडू नका, रस्त्यावर जिथे ऊन पडलंय तिथला रंग आयड्रॉपरने उचला आणि किरण त्याच छटेचे करा. त्यासाठी किरण लेयरच्या वर Hue/Saturation घ्या, Alt दाबून दोन लेयरच्या मधल्या रेघेवर क्लिक केलं की तो फक्त खालच्या लेयरला लागतो, मग Colorize ला टिक, Hue ४० च्या आसपास, Saturation २० ते २५. रस्त्यावरचं ऊन पांढरट आणि किरण संत्र्याच्या रसासारखे असं झालं तर मास्क कितीही छान करा, काही उपयोग नाही.

मग लेयरची Opacity शून्यावर न्या आणि हळूहळू वाढवा. किरण आहेत असं वाटलं तिथे थांबा, माझं बहुतेक वेळा २५ ते ४० मध्ये भागतं. उलट, म्हणजे १०० वरून कमी करत आलात तर डोळा त्या भडकपणाला सरावलेला असतो आणि तुम्ही ७० वरच ‘आता बरं आहे’ म्हणता. लेयरचा डोळा बंद-चालू करून बघा. बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे, पण चालू असताना नजर आधी काकांवर जायला हवी. आधी किरणांवर जात असेल तर अजून खाली या.

ग्लो

समोर सूर्य असताना लेन्समध्येही थोडा उजेड सांडतो, सूर्याजवळची पानं कडेने विरघळल्यासारखी होतात आणि तिथला काळा रंग पूर्ण काळा राहत नाही. नुसते किरण टाकले आणि सूर्याशेजारची पानं कात्रीने कापल्यासारखी काळी राहिली तर दोन्ही गोष्टी एका फोटोतल्या वाटत नाहीत.

यासाठी परत मूळ लेयरची कॉपी, परत Levels ने फक्त उजळ फटी, परत नको ते काळं करायचं, मोड Screen, पण यावेळी Radial ऐवजी Gaussian Blur, फोटोच्या रुंदीच्या एक ते दोन टक्के, म्हणजे इथे ६० ते १२० पिक्सेल. Opacity १५ ते ३०. रंग किरणांचाच. आणि सूर्यापासून लांबचा भाग मास्कने पुसा, सगळ्या फोटोला ग्लो लावला की लेन्सवर तेलकट बोट फिरल्यासारखं दिसतं.

लेन्स फ्लेअर, बहुतेक वेळा नकोच

आपल्या फोटोत मी फ्लेअर टाकलेला नाही. सूर्य पानांच्या मागे आहे, लेन्सवर थेट ऊन पडत नाहीये, तर गोळे येणार कुठून. फ्लेअर फक्त सूर्य उघडा दिसत असेल किंवा फ्रेमच्या जरासा बाहेर असेल तेव्हाच.

तशा फोटोत टाकायचाच असेल तर थेट फोटोवर फिल्टर मारू नका. नवा लेयर, काळ्या रंगाने भरा, मोड Screen, मग Filter > Render > Lens Flare, लेन्सचा प्रकार 105mm Prime घ्या, Brightness १०० वरून ६०-७० वर. हा फिल्टर फक्त RGB फोटोवर चालतो, मेनूत मंद दिसत असेल तर मोड तपासा. फ्लेअरचा मध्य अर्थात सूर्यावर.

यात एक बारकावा आहे. लेन्सच्या आत काचांवरून परावर्तित होऊन येणारे ते गोळे सूर्य आणि चित्राचा मध्यबिंदू यांना जोडणाऱ्या रेघेवरच पडतात, कारण तो मध्यबिंदू म्हणजे लेन्सचा अक्ष. सूर्य वर उजवीकडे तर गोळे खाली डावीकडे. म्हणून फ्लेअर क्रॉप करायच्या आधी टाका. आधीच क्रॉप केलेल्या फोटोत फिल्टर नव्या मध्याप्रमाणे गोळे मांडतो आणि मूळ फोटोत कॅमेऱ्यानेच आलेला एखादा ठिपका असला तर दोघांच्या दिशा वेगळ्या पडतात. मोबाईलच्या फोटोत तर हे नेहमी होतं, सूर्याच्या बरोबर समोरासमोर एक हिरवट ठिपका आधीच बसलेला असतो. तो असेल तर वरून अजून गोळे टाकायची गरजच काय?

शेवटचा हात

ब्लर केलेला उजेड लोण्यासारखा गुळगुळीत असतो आणि फोटोत तर बारीक दाणा असतो, हा फरक मोठ्या स्क्रीनवर दिसतो. वर एक नवा लेयर घेऊन 50% Gray ने भरा, मोड Overlay, त्यावर Filter > Noise > Add Noise, १ ते २ टक्के, Gaussian आणि Monochromatic. किरण लेयरचा मास्क Alt दाबून या लेयरवर ओढला की दाणा किरणांपुरताच राहतो. ग्लोच्या मंद उतारावर जे पट्टे पट्टे पडतात ते १६ बिटमध्ये काम केल्यामुळे आणि या दाण्यामुळे बऱ्यापैकी टळतात. व्हॉट्सॲपवरून पाठवलं की कॉम्प्रेशनमुळे पट्टे परत येऊ शकतात, त्यामुळे क्लायंटला फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून फाईल पाठवा.

फोटोशॉप नसेल तर जिंपमध्येही हेच सगळं होतं, Levels तसंच, मोड Screen तसाच, किरणांसाठी Filters > Blur मधला Zoom Motion Blur आणि फ्लेअरसाठी Filters > Light and Shadow > Lens Flare. फक्त जिंप ३.० च्या आधीचं असेल तर किरण लेयरची एक कॉपी बाजूला ठेवून मगच ब्लर मारा, मध्य चुकला तर परत फटी रंगवत बसावं लागू नये.